बडतर्फीविरुद्धच्या अपिलाला उत्तर कसं लिहावं? (कारखाना, नाशिक)

पाथर्डी_फाटा | ८ जुलै २०२४

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या एका मध्यम कारखान्यात एचआर बघतो. साधारण १८० कामगार, प्रेस शॉप आणि असेंब्ली. एका कामगाराच्या अपिलाला उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि चार दिवस मी त्याच कागदावर अडकलोय.

हकिकत अशी. प्रेस ऑपरेटर, अकरा वर्षं नोकरी. मार्चमध्ये तीन दिवसांची रजा मंजूर करून कळवणला गावी गेला. ४ मार्चला हजर व्हायचं होतं, उगवला १ एप्रिलला. म्हणजे २८ दिवस गैरहजर. मधे आम्ही पत्र पाठवलं ते 'घर बंद' शेरा मारून परत आलं. ४ एप्रिलला आरोपपत्र दिलं, चौकशी झाली, २० मेच्या अहवालात आरोप सिद्ध झाला, आणि ३ जूनला फॅक्टरी मॅनेजरच्या सहीने बडतर्फ केला. आमच्या प्रमाणित स्थायी आदेशांत एमडींकडे अपिलाची सोय आहे. त्याने २४ जूनला अपील दिलंय, वहीच्या तीन पानांवर, हाताने लिहिलेलं.

त्याचं म्हणणं: आई पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी दुसरं कोणी नव्हतं. सुपरवायझरला फोन केला होता, दवाखान्याच्या कागदाचा फोटोही पाठवला होता. चौकशीचा अहवाल मिळाला नाही. आणि याच शॉपमधल्या दोघांना मागच्या वर्षी अशाच कारणासाठी साधी शिक्षा झाली, मग मलाच घरी का बसवलं?

एमडी म्हणतात अपील फेटाळ, दोन ओळीत लिही. मला ते बरोबर वाटत नाही, पण का बरोबर वाटत नाही हे त्यांच्यापुढे नीट मांडता येत नाही. असं उत्तर किती लांब असावं, त्यात काय यावं? आणि समजा निर्णय बदलला तर कंपनीने चूक कबूल केली असं होतं का?

रोखठोक | ८ जुलै

दोन ओळीच लिहा. "आपले अपील विचारात घेतले. बडतर्फीचा आदेश कायम करण्यात येत आहे." संपलं. माझी वीस वर्षं प्लांट सांभाळण्यात गेली. जितकं जास्त लिहाल तितकं समोरच्या वकिलाला धरायला सापडतं. चौकशी झालीय, आरोप सिद्ध झालाय, स्थायी आदेशांत दहा दिवसांपेक्षा जास्त सलग गैरहजेरी म्हणजे गैरवर्तन असं छापलेलं आहे. २८ दिवस म्हणजे जवळजवळ तिप्पट. अजून काय कारणं द्यायची?

गेट_मीटिंग | ८ जुलै

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तर पोरगा प्रेस मशीनवर उभा राहील का? फोटो पाठवला होता की नाही एवढंच आधी बघा. पाठवला असेल तर 'न कळवता गैरहजर' हा शब्दच खोटा पडतो.

अण्णा_कुडाळकर | ८ जुलै

पाथर्डी_फाटा, मी कामगार खात्यातून निवृत्त झालोय. अशी अपिलं आणि त्यांची उत्तरं पोत्याने पाहिली आहेत. उत्तर लिहिण्याआधी माझे तीन प्रश्न. एक, चौकशी अहवालाची प्रत त्याला कधी दिली? दोन, बडतर्फीच्या आदेशात आधीच्या ताकिदींचा उल्लेख आहे का, आणि असेल तर त्या आरोपपत्रात होत्या का? तीन, चौकशीत कंपनीची बाजू कोणी मांडली?

रोखठोक यांचं अर्धं बरोबर आहे. उगाच पाल्हाळ नको. पण दोन ओळींचं उत्तर सुरक्षित असतं ही समजूत चुकीची. १९८६ मध्ये रामचंदर या रेल्वे कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळणारा असाच कोरा आदेश रद्द केला होता. अपील ऐकणाऱ्याने मुद्दे वाचले, पुरावा पाहिला, शिक्षा जास्त आहे का याचा विचार केला, हे आदेशातच दिसलं पाहिजे. तो खटला सरकारी नियमांखालचा होता, खाजगी कारखान्याला जसाच्या तसा लागत नाही. पण उद्या प्रकरण कामगार न्यायालयात गेलं की न्यायाधीश हाच प्रश्न विचारतात: माणूस तीन पानं लिहून विचारत होता, तुम्ही त्याला काय सांगितलंत?

मंजिरी_ठाणे | ९ जुलै

मलाही मे महिन्यात टर्मिनेट केलं. आयटी कंपनी, प्रोबेशन सहा महिन्यांचं, पाचव्या महिन्यात "परफॉर्मन्स समाधानकारक नाही" म्हणून मेल आला. मीही अपील लिहिणार आहे. कोणता फॉरमॅट वापरू? इथे दिलेलं चालेल का?

अण्णा_कुडाळकर | ९ जुलै

मंजिरीताई, तुमची बाजू वेगळी आहे. इथे चर्चा अपिलाला उत्तर देणाऱ्याची चालली आहे, आणि तेही गैरवर्तनाच्या आरोपाखाली काढलेल्या कायम कामगाराच्या अपिलाची. तुमच्या नेमणूक पत्रात प्रोबेशनचं कलम शब्दशः काय आहे ते वेगळ्या धाग्यात टाका, तिथे बोलू. इथला मसुदा उचलू नका, नुकसान होईल.

पाथर्डी_फाटा | ९ जुलै

अण्णा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं, आणि लिहिताना मलाच संकोच वाटतोय.

अहवाल दिलेला नाही. आदेशासोबतही नाही आणि आधीही नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. आदेशात एक वाक्य आहे, "यापूर्वीही आपणास तीन वेळा लेखी ताकीद देऊनही वर्तनात सुधारणा झालेली नाही." आरोपपत्रात त्या ताकिदींचा शब्द नाही. फाइल काढली तर तीन ताकिदी आहेत, २०१६ ची एक आणि २०१९ च्या दोन. तिन्ही उशिरा येण्याच्या. त्यानंतर पाच वर्षं कोरी.

आणि चौकशीत कंपनीची बाजू मीच मांडली होती.

गेट_मीटिंग | ९ जुलै

मग अपिलाचं उत्तर तुम्हीच कसं लिहिता भाऊ? चौकशीत त्याच्या विरोधात प्रश्न विचारणारे तुम्ही, आणि आता 'निष्पक्षपणे विचार केला' असं लिहिणारेही तुम्हीच?

पाथर्डी_फाटा | ९ जुलै

मान्य. काल हा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता.

अण्णा_कुडाळकर | ९ जुलै

गेट_मीटिंग यांनी नेमकं बोट ठेवलं. निर्णय एमडींचा आणि त्यांच्या मनाने झालेला हवा. टंकलेखन, तारखा जुळवणं, फाइल लावणं तुम्ही करा, पण सुनावणीत तुम्ही बोलू नका आणि निष्कर्ष तुम्ही सुचवू नका. शक्य असेल तर अकाउंट्स किंवा क्वालिटीचा एखादा वरिष्ठ माणूस एमडींच्या मदतीला द्या, ज्याचा या प्रकरणाशी संबंध आला नाही.

आता अहवालाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९३ मध्ये ईसीआयएल विरुद्ध करुणाकर या निकालात सांगितलं की चौकशी अधिकारी दुसरा आणि शिक्षा देणारा दुसरा असेल, तर शिक्षा ठरवण्याआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला मिळाली पाहिजे, त्यावर त्याला म्हणणं मांडता आलं पाहिजे. खाजगी आस्थापनांनाही हे लागू आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मात्र त्याच निकालात पुढे असंही आहे की प्रत दिली नाही एवढ्यावरून सगळं आपोआप रद्द होत नाही. न दिल्यामुळे त्याचं काय नुकसान झालं ते पाहायचं.

म्हणून घाई करू नका. आजच अहवालाची प्रत पोच घेऊन त्याच्या हातात द्या, दहा दिवस द्या, लेखी म्हणणं घ्या आणि मग एमडींनी त्याला समोर बसवून ऐकावं. अपिलाच्या टप्प्यावर ही उणीव पूर्ण भरून निघते असं मी म्हणणार नाही, कारण शिक्षा आधीच झालेली आहे. पण निदान एमडींना निर्णय घेताना त्याचं अहवालावरचं म्हणणं समोर असेल. आज फेटाळलंत तर तेही नसेल.

रोखठोक | १० जुलै

हे सगळं झालं की तीन महिने जातील. तोवर शॉपमध्ये संदेश काय जाणार? की एक महिना गायब व्हा, अपील करा, परत या. प्रेसवर माणूस नसला की पूर्ण लाइन थांबते, हे ऑफिसात बसून कळत नाही. मार्चअखेर डिस्पॅचची काय धावपळ असते ते मला विचारा.

अण्णा_कुडाळकर | १० जुलै

तुमची अडचण खरी आहे, ती मी हलक्यात घेत नाही. आणि वेळेबद्दल तर मी उलट सांगतो, लवकर करा. अनुचित कामगार प्रथांच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार करायला कामगाराला ९० दिवस असतात. ३ जूनपासून मोजले तर १ सप्टेंबर. कंपनीत अपील पडून आहे म्हणून ते घड्याळ थांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण शहाणा कामगार वाट बघत बसत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उत्तर गेलं तर त्यालाही पुढचा विचार करायला वेळ मिळतो, आणि 'मुद्दाम लांबवलं' हा ठपका तुमच्यावर येत नाही.

वर्ग_सातवी_ब | १० जुलै

थोडं अवांतर. मी खाजगी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. आमच्याकडे संस्थेने काढलं तर १९७७ च्या कायद्याखाली तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, संस्थेच्याच अध्यक्षांकडे जावं लागत नाही. माझ्या एका सहकारी बाईंच्या वेळी संस्थेने सुनावणीत नवीनच कारणं काढली, जी काढतानाच्या पत्रात नव्हती. बाई रडकुंडीला आल्या होत्या. 'पत्रात एक आणि तोंडी दुसरं' हे कर्मचाऱ्याला फार लागतं. तुमच्या उत्तरात तरी तसं करू नका ही विनंती.

पाथर्डी_फाटा | १० जुलै

बाई, बरं झालं लिहिलंत. एमडींनी मला कालच सांगितलं होतं, "उत्तरात तो मशीनकडे लक्ष देत नाही, रिजेक्शन वाढवतो हेही टाक." ते टाकणार नाही. आरोपच नव्हता तो.

अण्णा_कुडाळकर | १० जुलै

अजिबात टाकू नका. अपील म्हणजे दिलेल्या आदेशाची तपासणी. त्या आदेशाला नवीन टेकू लावायची ती जागा नव्हे. ज्या आरोपाला उत्तर द्यायची संधी माणसाला मिळाली नाही तो आरोप अपिलाच्या उत्तरात आला की वाचणाऱ्याला वाटतं, मूळ कारण कच्चं होतं म्हणून हे शोधून काढलं.

ताकिदींचंही तेच. शिक्षा ठरवताना पूर्वीची वर्तणूक बघा असं आदर्श स्थायी आदेशच सांगतात. पण ती बघणार असाल तर त्याला आधी सांगा, हे न्यायालयांनी १९६४ पासून सांगितलेलं आहे. आणि बघायची तर सगळी बघा. तीन ताकिदी मोजल्या, मग अकरा वर्षांतली शेवटची पाच वर्षं स्वच्छ, हे का नाही मोजलं?

बागलाणचा_पाणी | ११ जुलै

मी कळवणकडचाच. तिकडून नाशिकला रोज येऊन-जाऊन आजारी माणूस सांभाळणं होत नाही हो. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवायलाही कोणी लागतं. माझ्या आजीच्या वेळी वडिलांनी दीड महिना घर सोडलं नव्हतं.

रोखठोक | ११ जुलै

आजी-आई सगळ्यांनाच असतात. प्रश्न रजा मागितली का हा आहे. सुपरवायझरला फोन म्हणजे रजेचा अर्ज नव्हे. रजा मंजूर करायचा अधिकार सुपरवायझरला नसतो.

अण्णा_कुडाळकर | ११ जुलै

बरोबर, फोन म्हणजे मंजूर रजा नव्हे. म्हणूनच गैरहजेरीचा आरोप सिद्ध झाला हे मला चूक वाटत नाही, आणि उत्तरात तसं ठामपणे लिहावं. पण गैरहजर होता का आणि हेतुपुरस्सर होता का, हे दोन वेगळे प्रश्न. २०१२ च्या कृष्णकांत परमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. माणसाच्या हाताबाहेरच्या कारणाने, आजारपण, अपघात, दवाखाना, यामुळे येता आलं नसेल तर ती गैरहजेरी मुद्दामची म्हणता येत नाही. तोही सरकारी नोकराचा खटला होता, पण कामगार न्यायालयात त्याचा दाखला हमखास दिला जातो.

पाथर्डी_फाटा, चौकशीत सुपरवायझर काय बोलला होता?

पाथर्डी_फाटा | ११ जुलै

कार्यवृत्त उघडून शब्दशः देतो. "होय, त्याचा फोन आला होता. आई पडली असं म्हणाला. मी त्याला सांगितलं, ऑफिसला कळव. फोटो आला होता का ते आठवत नाही." चौकशी अधिकाऱ्याने अहवालात यावर एक ओळही लिहिलेली नाही. थेट "रजा मंजूर नव्हती, सबब आरोप सिद्ध".

आज अहवालाची प्रत त्याला दिली, पोच घेतली. २३ जुलैला सुनावणी.

गेट_मीटिंग | ११ जुलै

सुनावणीला त्याच्यासोबत एखादा सहकारी येऊ द्या. एमडीच्या केबिनमध्ये एकटा माणूस बोलत नाही, नुसती मान हलवतो.

पाथर्डी_फाटा | २४ जुलै

काल सुनावणी झाली. मी फक्त टिपणं घेतली. एमडी आणि क्वालिटीचे मॅनेजर बसले होते, त्याच्यासोबत असेंब्लीतला एक जुना कामगार होता.

त्याने खिशातून फोन काढला. काच तडकलेली, वर सेलोटेप लावलेली. व्हॉट्सॲपवर वर वर सरकवत गेला आणि फोन टेबलावर ठेवला. ६ मार्च, सकाळी ९:१४, दवाखान्याच्या केसपेपरचा फोटो, खाली "साहेब आईचे आपरेशन आहे यायला उशीर होईल". दोन निळ्या खुणा. १५ मार्चला परत एक, "अजून सुट्टी दिली नाही". त्यालाही निळ्या खुणा. उत्तर एकाचंही नाही. एमडींनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, तारीख परत परत बघितली. मग मला सांगितलं की या दोन्ही संदेशांची प्रत काढून त्याची सही घे, सुपरवायझरला दाखव आणि त्याचंही लेखी घे. सुपरवायझरने आज लिहून दिलं, संदेश आले होते, बघितले होते, कामाच्या गडबडीत पुढे कळवायचं राहिलं.

एमडींनी त्याला विचारलं, ऑफिसला फोन का नाही केला? म्हणाला, नंबरच नव्हता, रजेच्या अर्जावरही नसतो. मी अर्ज काढून बघितला. खरंच नाही.

मागच्या वर्षीच्या दोघांच्या फाइलीही मागवल्या. एक १४ दिवस गैरहजर, चार दिवसांचं निलंबन. दुसरा १९ दिवस, लेखी ताकीद. दोघांनीही काहीच कळवलं नव्हतं.

एमडींचं मत आता बदललंय. पण "सोडून दिलं असं नको" म्हणतात. दोन वेतनवाढी रोखून हेल्परच्या पदावर परत घ्यावा असा त्यांचा विचार आहे.

रोखठोक | २४ जुलै

निळ्या खुणा बघून माझंही मत थोडं हललं, प्रामाणिकपणे सांगतो. पण शिक्षा हवीच. वेतनवाढ रोखणं योग्य वाटतं.

अण्णा_कुडाळकर | २४ जुलै

थांबा. तुमच्या प्रमाणित स्थायी आदेशांत शिक्षांचं कलम काढा आणि वाचा. वेतनवाढ रोखणं, पदावनती हे शब्द तिथे आहेत का?

पाथर्डी_फाटा | २४ जुलै

नाहीत. ताकीद, दंड, चार दिवसांपर्यंत निलंबन, बडतर्फी. एवढंच.

अण्णा_कुडाळकर | २४ जुलै

मला तेच वाटलं. महाराष्ट्राचे आदर्श स्थायी आदेश असेच आहेत आणि बहुतेक कारखान्यांनी तेच जवळजवळ तसेच उचललेत. सरकारी नोकरीतल्या शिक्षांची यादी आपल्या डोक्यात बसलेली असते, ती इथे चालत नाही. स्थायी आदेशांत नसलेली शिक्षा अपिलातही देता येत नाही. चार दिवस आणि बडतर्फी यांच्या मधे तुमच्याकडे पायरीच नाही. म्हणून मॅनेजर लोक रागाच्या भरात थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात, आणि त्यालाच मग कायद्यात गैरवर्तनाच्या मानाने धक्कादायक शिक्षा म्हणतात.

एमडींना सांगा: बडतर्फी रद्द, त्याऐवजी चार दिवस निलंबन, आणि गैरहजेरीच्या २८ दिवसांचा पगार नाही. तो तसाही देय नाही, ती वेगळी शिक्षा नव्हे. याला कोणी 'सोडून दिलं' म्हणणार नाही.

पाथर्डी_फाटा | २७ जुलै

मसुदा तयार झाला. निष्कर्ष एमडींनी तोंडी सांगितले, क्वालिटीच्या मॅनेजरांनी लिहिले, मी टाइप केले. कृपया बघा.

"आपले २४ जून २०२४ चे अपील, चौकशीचे कागद, अहवालावरील आपले लेखी म्हणणे व २३ जुलैच्या सुनावणीतील आपले निवेदन मी वाचले व ऐकले. माझा निर्णय व त्याची कारणे पुढीलप्रमाणे.

आपण ४ ते ३१ मार्च या काळात मंजूर रजेशिवाय गैरहजर होता. हे आपल्यालाही मान्य आहे. सुपरवायझरला कळवले म्हणजे रजा मंजूर झाली, हे आपले म्हणणे मी स्वीकारू शकत नाही. रजेचा अधिकार खातेप्रमुखांचा आहे. त्यामुळे गैरवर्तन सिद्ध झाल्याचा निष्कर्ष मी कायम ठेवतो.

मात्र आपण ६ व १५ मार्च रोजी आईच्या आजारपणाविषयी संदेश पाठवले होते व ते सुपरवायझर यांनी पाहिले होते, हे त्यांच्या लेखी निवेदनावरून दिसते. चौकशी अहवालात या गोष्टीचा विचार झालेला नाही. सबब आपली गैरहजेरी जाणीवपूर्वक होती असे मी मानत नाही.

३ जूनच्या आदेशात तीन ताकिदींचा आधार घेतला आहे. त्या आरोपपत्रात नव्हत्या, म्हणून मी त्या विचारात घेतलेल्या नाहीत. चौकशी अहवालाची प्रत आपल्याला आदेशापूर्वी मिळाली नाही, ही तक्रार खरी आहे. ती ११ जुलै रोजी देण्यात आली.

अशाच स्वरूपाच्या गैरहजेरीसाठी मागील वर्षी दोन कामगारांना दिलेल्या शिक्षांच्या नोंदी मी पाहिल्या. आपल्या बाबतीत बडतर्फी त्यांच्या तुलनेत फार मोठी ठरते.

म्हणून बडतर्फीचा आदेश रद्द करून त्याऐवजी चार दिवसांच्या निलंबनाची शिक्षा देण्यात येत आहे. मानवतावादी दृष्टिकोनातून व सहानुभूतिपूर्वक विचार करून आपणास सेवासातत्यासह कामावर परत घेण्यात येत आहे."

वर्ग_सातवी_ब | २७ जुलै

किती स्वच्छ मराठी! आमच्या संस्थेची पत्रं वाचली की आधी शब्दकोश शोधावा लागतो. त्याने मराठीत लिहिलं होतं, उत्तरही मराठीतच जातंय, हे फार बरं झालं.

अण्णा_कुडाळकर | २७ जुलै

चांगला उतरलाय. प्रत्येक मुद्द्याला उत्तर आहे, जो मान्य नाही तोही कारणासकट आहे. दोनच सूचना.

शेवटच्या वाक्यातलं "मानवतावादी दृष्टिकोनातून व सहानुभूतिपूर्वक" काढा. वर चार परिच्छेद तुम्ही सांगितलंत की शिक्षा जास्त होती, कागदात उणीव होती. मग खाली ही दया कशी? दोन्ही एकत्र आलं की वरची कारणं दिखाऊ वाटतात. शिवाय त्या माणसाने भीक मागितलेली नाही, त्याने प्रश्न विचारले होते.

तुमचा पहिला प्रश्न होता की निर्णय बदलणं म्हणजे चूक कबूल करणं का. अहवाल दिला नव्हता हे लिहिल्याने कंपनीचं काही जात नाही, ते कागदावर आधीच आहे. लपवलं असतं तर गेलं असतं.

दुसरी सूचना, ३ जूनपासून हजर होईपर्यंतच्या पगाराचं काय, ते लिहिलेलंच नाही. भांडण तिथेच होणार.

गेट_मीटिंग | २७ जुलै

पूर्ण पगार. बडतर्फी चूक होती तर घरी बसवलं ते कंपनीने.

रोखठोक | २७ जुलै

काम नाही तर दाम नाही. गैरवर्तन सिद्धच आहे ना? परत घेताय तेच पुष्कळ.

वर्ग_सातवी_ब | २८ जुलै

आमच्या क्षेत्रातला एक निकाल सगळ्या शिक्षकांना पाठ आहे. दीपाली सुरवसे, २०१३. उच्च न्यायालयाने त्यांचा मागचा पगार काढून टाकला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. बेकायदा काढलं असेल तर मागचा पगार मिळणं हा नियम, असं त्यात म्हटलंय.

अण्णा_कुडाळकर | २८ जुलै

बाईंनी योग्य निकाल सांगितला, पण त्यातच सेवेचा काळ, गैरवर्तन सिद्ध झालं का, मालकाची आर्थिक स्थिती हेही बघायला सांगितलंय. मधल्या काळात दुसरीकडे कमाई होती का, तेही. इथे गैरवर्तन सिद्ध आहे आणि शिक्षा कमी झाली आहे. त्यामुळे पूर्ण द्यावा की काही भाग, यावर मी छातीठोक सांगू शकत नाही. दोन्हीकडे निकाल झालेले आहेत. पण काहीच न देणं मला पटत नाही, आणि जे ठरेल त्याचं कारण एका वाक्यात तरी यावं.

पाथर्डी_फाटा | २८ जुलै

सुनावणीत त्याने स्वतःहून सांगितलं होतं, जूनमध्ये गावी कांद्याच्या चाळीत रोजाने गेला, "मिळाला तसा". किती दिवस ते विचारलं नाही आम्ही.

गेट_मीटिंग | २८ जुलै

रोजाने कांदा निवडला म्हणजे दुसरी नोकरी लागली असं लिहू नका म्हणजे झालं.

पाथर्डी_फाटा | ३ ऑगस्ट

उत्तर काल दिलं. दयेचं वाक्य काढलं. पगाराबद्दल एमडींनी निम्मा ठरवला आणि असं लिहिलं: "आपण मंजूर रजेशिवाय गैरहजर राहिलात हे सिद्ध आहे, परंतु ३ जूननंतर आपण कामावर नव्हता ते कंपनीच्या आदेशामुळे. म्हणून या काळातील वेतनाची निम्मी रक्कम देण्यात येईल. ही बाब आपणास मान्य नसल्यास आपले कायदेशीर हक्क अबाधित आहेत." मला पूर्ण द्यावा असं वाटत होतं, पण निर्णय माझा नव्हता आणि नसायलाच हवा होता.

त्याने पत्र गेटवरच उभं राहून वाचलं. 'निष्कर्ष कायम' इथे थांबला, मग पुढे वाचलं. मला विचारलं, "साहेब, म्हणजे माझी चूक धरलीच ना?" मी हो म्हणालो. "मग निम्म्याचं युनियनला विचारून सांगतो" म्हणाला आणि पोचेवर सही केली. सोमवारपासून चार दिवस निलंबन, शुक्रवारी हजर होईल.

रजेच्या अर्जावर आता ऑफिसचा नंबर छापून घेतलाय. एक शंका राहिली: ३ जून ते ४ ऑगस्टपर्यंत मस्टरवर काय लिहू? टाइम ऑफिसवाला 'गैरहजर' मारायला निघालाय.

अण्णा_कुडाळकर | ३ ऑगस्ट

त्याला आधी थांबवा. 'गैरहजर' मारलंत तर उद्या कोणीतरी हेच दोन महिने गैरहजेरीत मोजेल. शेऱ्याच्या रकान्यात अपील आदेशाची तारीख घालून 'सेवासातत्य' लिहा आणि त्या पानाची झेरॉक्स त्याच्या फाइलला लावा. ग्रॅच्युइटीच्या वेळी ती लागेल.